गळ्याची गांठ आणि घरचें मीठ
(गांवच्या सभेंत वाचून दाखविण्यासाठीं एक आरोग्य-व्याख्यान)

विद्यार्थी मित्रहो, सुटी लागतांच तुमच्यापैकीं कोणी चोपड्याकडे, कोणी यावल-रावेराकडे, तर कोणी शिरपूर-साक्रीकडे आपापल्या गांवीं जातील. त्या वेळीं चावडीवर, शाळेच्या पडवींत किंवा घरच्या ओसरीवर चार माणसें जमवून वाचतां यावें, अशा रीतीनें आम्हीं हें व्याख्यान लिहिलें आहे. यासाठीं सामानहि फारसें लागत नाहीं. एक आरसा, एक पेला पाणी, घरांत रोज वापरतात तें मूठभर मीठ, आणि गांवच्या आशाताईंकडे किंवा उपकेंद्रांत मिळाल्यास मीठ तपासण्याच्या औषधाची लहान कुपी, एवढें पुरे. वाचणारानें सावकाश वाचावें, आणि जेथें करून दाखवावयाचें आहे तेथें थांबावें. येथून पुढील शब्द सभेसाठीं आहेत.

मंडळी, आपल्या गळ्याच्या पुढच्या बाजूस, कंठमण्याच्या खालीं, श्वासनलिकेला बिलगून एक लहानशी ग्रंथि असते. पंख पसरून बसलेल्या फुलपांखरासारखा तिचा आकार असतो. मराठींत तिला अवटु-ग्रंथि म्हणतात, आणि डॉक्टर मंडळी तिलाच थायरॉइड म्हणतात. निरोगी माणसाच्या गळ्यांत ती सहसा डोळ्यांना दिसत नाहीं. ती वाढून गळा फुगलेला दिसूं लागला म्हणजे त्यास आपण गलगंड म्हणतों.

गळ्यावर आलेली प्रत्येक गांठ गलगंड नसते. गंडमाळेच्या गांठी बहुधा मानेच्या बाजूस येतात, आणि त्यांचें कारण पुष्कळदां क्षयरोग हें असतें. त्यांचा उपचार अगदीं निराळा आहे. म्हणून या दोहोंतील फरक ओळखण्याची एक सोपी खूण आम्ही सांगतों. (वाचणारानें येथें आरसा समोर धरून, मान किंचित मागें करून पाण्याचा एक घोट गिळून दाखवावा.) अवटु-ग्रंथि श्वासनलिकेला जोडलेली असल्यामुळें घोट गिळतांना ती नलिकेबरोबर वर सरकते व पुन्हा खालीं येते. म्हणून घोटाबरोबर वर-खालीं होणारी गळ्याच्या पुढची फुगवटी ही या ग्रंथीची असण्याचा संभव फार असतो. जी गांठ घोटाबरोबर मुळींच हालत नाहीं ती बहुधा दुसऱ्या कशाची तरी असते. परंतु गांठ कोणतीहि असो, ती डॉक्टरांना दाखविलीच पाहिजे. ही खूण म्हणजे निदान नव्हे.

शाळांतील मुलांची तपासणी करतांना डॉक्टर आणखी एक माप वापरतात. या ग्रंथीला उजवा व डावा असे दोन भाग असतात. त्यांतील एक एक भाग त्याच मुलाच्या आंगठ्याच्या टोंकाच्या पेराहून मोठा लागला, तर ग्रंथि वाढली असें समजतात. बोटांनीं चांचपल्यावरच कळते ती पहिली पायरी, आणि मान सरळ ठेवली असतां नुसत्या डोळ्यांनीं दिसते ती दुसरी पायरी. सहा ते बारा वर्षांच्या मुलांपैकीं शंभरांत पांचांहून अधिक मुलांची ग्रंथि अशी वाढलेली आढळली, तर हें दुखणें त्या एका घराचें नसून सर्व प्रदेशाचें आहे असें मानण्याचा प्रघात आहे.

आतां ही ग्रंथि वाढते कां, तें पाहूं. शरीराचा कारभार कोणत्या वेगानें चालावा हें ठरविणारा एक रस ही ग्रंथि रक्तांत सोडते. अन्नाची ऊब, हृदयाचे ठोके, आंतड्यांची हालचाल, मुलांची उंची आणि गर्भांतील बाळाच्या मेंदूची घडण हीं सर्व त्या रसावर अवलंबून असतात. हा रस बनविण्यास आयोडीन नांवाचें द्रव्य लागतें, आणि तें शरीराला स्वतः तयार करतां येत नाहीं. तें अन्नांतूनच यावें लागतें. तें कमी पडलें म्हणजे मेंदूच्या तळाशीं असलेली दुसरी एक ग्रंथि हिला अधिक काम करण्याचा हुकूम पाठवीत राहते. त्या हुकुमामुळें अवटु-ग्रंथि आकारानें वाढत जाते. विहिरीला पाणी कमी झालें म्हणून मोट वाढवावी, तशांतलाच हा प्रकार होय. मोट मोठी होते, पण पाणी कांहीं वाढत नाहीं.

हें आयोडीन लागतें तरी किती? मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचे दहा लक्ष भाग केले तर त्यांतले दीडशें. सत्तर वर्षांच्या आयुष्याचा हिशेब केला तर सारें मिळून चार ग्रॅमसुद्धां भरत नाहीं. एक लहान चमचाहि त्यानें भरणार नाहीं. परंतु हा चमचा एकदम खाऊन ठेवतां येत नाहीं, कारण शरीर त्याचा फार मोठा सांठा करीत नाहीं. तो रोज थोडा थोडाच मिळाला पाहिजे.

आयोडीनचें मोठें भांडार म्हणजे समुद्र. जमिनींतील आयोडीन पावसानें व पुरानें हजारों वर्षें धुपून गेलें आहे, आणि ज्या जमिनींत तें उरलें नाहीं तिच्यांतील धान्यांत, भाजींत व पाण्यांतहि तें येत नाहीं. म्हणून गलगंड हा पूर्वी हिमालयाच्या पायथ्याचा रोग समजला जाई. पुढें पाहणी होऊं लागली तेव्हां हिमालयापासून फार दूरच्या प्रदेशांतहि तो सांपडला. त्यांत गुजरातेंतील भडोच जिल्हा आहे, आणि आपल्या अजिंठ्याच्या डोंगरापलीकडील औरंगाबाद जिल्हाहि, ज्याचें नांव आतां छत्रपति संभाजीनगर आहे. जळगांव व धुळें हे जिल्हे या दोहोंच्या मधल्या मुलखांत येतात. आपली ज्वारी, बाजरी व केळी तापी-गिरणेच्या जमिनींतून येतात, आणि समुद्राची मासळी आपल्या ताटांत क्वचितच असते. तेव्हां आपल्याला आयोडीन मिळण्याचा भरंवशाचा मार्ग एकच उरतो, आणि तो म्हणजे मीठ.

मिठांतून दिलेल्या आयोडीननें खरोखर गुण येतो काय, असें कोणी विचारील. याचें उत्तर आपल्याच देशांत प्रयोग करून मिळालें आहे. हिमालयांतील कांगडा खोऱ्यांत डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५६ सालीं एक मोठा प्रयोग सुरू केला. सुमारें एक लक्ष वस्तीच्या मुलखाचे त्यांनीं तीन भाग केले. दोन भागांना आयोडीनयुक्त मीठ पुरविलें, आणि तिसऱ्या भागाला नेहमींचें साधें मीठ. पांच-सहा वर्षांनीं पुन्हा मुलांचे गळे तपासले, तेव्हां पहिल्या दोन भागांत गलगंड निम्म्यावर आला होता, आणि तिसऱ्या भागांत तो होता तसाच राहिला होता. हवा तीच, डोंगर तेच, खाणें तेंच, फरक फक्त मिठाचा होता. मग त्या तिसऱ्या भागालाहि आयोडीनयुक्त मीठ देण्यांत आलें, आणि तेथेंहि रोग उतरला. १९६२ सालीं देशांत गलगंड-नियंत्रणाचा जो कार्यक्रम सुरू झाला, त्याचा पाया या प्रयोगानें घातला.

आतां आपल्या घरच्या मिठाकडे वळूं. (वाचणारानें येथें मूठभर मीठ ताटलींत घेऊन दाखवावें.) आपल्या देशांतील बहुतेक मीठ गुजरातच्या आगरांत पिकतें. तें वाळल्यावर त्यावर पोटॅशियम आयोडेट नांवाच्या क्षाराचें पाणी फवारतात. कारखान्यांतून निघतांना एक किलो मिठांत निदान ३० मिलिग्रॅम, आणि गिऱ्हाइकाच्या हातीं पडतांना निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावें असा दंडक आहे. वाटेंत व दुकानांत कांहीं उडून जाणार, हें धरूनच हे दोन आंकडे ठरविले आहेत. मे २००६ पासून माणसांच्या खाण्यासाठीं आयोडीन नसलेलें मीठ विकण्यास देशभर मनाई आहे. आयोडीनयुक्त मिठाच्या पुड्यावर हसऱ्या सूर्याचें चित्र पुष्कळदां छापलेलें असतें. न वाचतां येणाऱ्या बाईसहि तें ओळखतां येतें.

असें असतांहि आयोडीन घरापर्यंत येऊन वायां जातें तें तीन प्रकारांनीं. पहिला प्रकार खड्याच्या मिठाचा. आठवड्याच्या बाजारांत पोत्यांतून सुटें मिळणारें खड्याचें मीठ पुष्कळदां जनावरांसाठीं किंवा कातडीं कमावण्यासाठीं आलेलें असतें, आणि त्यांत आयोडीन नसतें. तें असलें तरीहि मळकट दिसतें म्हणून आपल्या आया-बहिणी तें धुऊन वाळवितात. आयोडीन खड्यांच्या अंगावरच बसलेलें असतें, म्हणून पहिल्याच पाण्याबरोबर तें मोरीवाटें निघून जातें. दुसरा प्रकार सांठवणीचा. चुलीशेजारीं उघड्या भांड्यांत ठेवलेलें मीठ उष्णतेनें आणि पावसाळ्याच्या ओलाव्यानें दिवसेंदिवस निःसत्त्व होत जातें. तिसरा प्रकार सैंधवाचा. उपवासाला दोन दिवस सैंधव खाल्ल्यानें कांहीं बिघडत नाहीं. परंतु खाणींतील मीठ अधिक शुद्ध आहे, अशा समजुतीनें बारा महिने तेंच वापरणाऱ्या घरांत आयोडीन बहुधा पोंचतच नाहीं. हीच गोष्ट काळ्या मिठाची.

मिठांत आयोडीन आहे कीं नाहीं हें चवीनें, वासानें किंवा रंगानें कळत नाहीं. तपासणीच्या कुपींतील औषधाचा एक थेंब मिठावर टाकला असतां आयोडीनयुक्त मीठ निळें-जांभळें होतें. रंग गडद आला तर आयोडीन पुरेसें आहे, फिकट आला तर कमी आहे, आणि मीठ पांढरेंच राहिलें तर तें नाहीं असें समजावें. (कुपी मिळाली असल्यास श्रोत्यांपैकीं दोघांच्या घरचें मीठ येथें तपासून दाखवावें.) कुपीवरील मुदत मात्र आधीं पाहावी, कारण जुनें झालेलें औषध चांगल्या मिठालाहि नापास करतें.

आतां एका घराचा हिशेब मांडूं. आई, बाप, आजी आणि दोन मुलें अशीं पांच माणसें एका किलोचा पुडा पंचवीस दिवसांत संपवितात असें धरूं. हजार ग्रॅमला पंचविसांनीं भागिलें म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम, आणि माणशीं सरासरी ८ ग्रॅम येतात. पुड्यांतील मिठांत किलोला १५ मिलिग्रॅम आयोडीन असेल, तर एका ग्रॅमांत १५ मायक्रोग्रॅम होतात, व आठ ग्रॅमांत १२०. शिजवितांना पांचवा हिस्सा गेला असें मानलें तर पोटांत ९६ जातात. मोठ्या माणसाची गरज १५० ची, तेव्हां येथें तूट आहे. दूध व अंडीं तिच्यांतील कांहीं भाग भरून काढतात. तेंच मीठ किलोला ३० मिलिग्रॅमचें असून झांकणाच्या बरणींत नीट राहिलें, तर आठ ग्रॅमांत २४० येतात, आणि पांचवा हिस्सा वजा जातां १९२ उरतात. तेव्हां गरज भागली. आणि तेंच मीठ धुतलें तर? मग हिशेब मांडण्यासारखें फारसें कांहीं उरतच नाहीं. पुडा तोच व पैसे तेच, पण एका घरांत आयोडीन पोंचलें आणि शेजारच्या घरांत पोंचलें नाहीं.

या हिशेबावरून कोणी असें समजूं नये कीं मीठ जास्त खावें. जास्त मिठानें रक्तदाब वाढतो, आणि दिवसाला माणशीं पांच ग्रॅमांहून कमी मीठ खावें असें आरोग्यशास्त्र सांगतें. मीठ कमी खावें, पण जें खावें तें आयोडीनयुक्त असावें, आणि तें बरणींत झांकून चुलीपासून दूर ठेवावें. भाजी-वरणांत तें उतरविण्याच्या सुमारास घातलें तर अधिक बरें. बाजरीविषयींहि लोक विचारतात. जेथें आयोडीनची तूट आहे तेथें नुसत्या बाजरीवर राहणाऱ्या लोकांत ती तूट अधिक जाणवते, असें आढळलें आहे. परंतु मीठ नीट असेल तर आपली भाकरी सोडण्याचें कांहीं कारण नाहीं.

आतां ग्रंथीचें काम मंद पडल्याचीं लक्षणें ऐका. गळा फुगलाच पाहिजे असें नाहीं. गळा अगदीं सपाट असूनहि ग्रंथि मंद असूं शकते. सर्व शरीराची गति धीमी होणें हें या सर्व लक्षणांचें मूळ आहे. पुरेशी झोंप होऊनहि थकवा जात नाहीं. इतरांना उकडत असतां या माणसाला थंडी वाजते. खाणें तेंच असून वजन वाढतें. शौचास साफ होत नाहीं, कातडी कोरडी पडते, केस गळतात, आवाज घोगरा होतो, सकाळीं चेहरा व पापण्या सुजल्यासारख्या दिसतात, आणि गोष्टी विसरल्या जातात. स्त्रियांना पाळीच्या वेळीं रक्तस्राव अधिक होतो, किंवा मूल राहण्यास अडचण येते. यांतील एखादें लक्षण कोणालाहि असूं शकतें. परंतु तीन-चार लक्षणें एकत्र आलीं व कित्येक आठवडे टिकलीं, तर रक्ताची तपासणी करून घ्यावी. टी.एस.एच. नांवाची ही तपासणी थोड्याशा रक्तावर होते. ही ग्रंथि मंद पडली म्हणजे वर सांगितलेला मेंदूचा हुकूम वाढतो, आणि तो वाढलेला हुकूमच या तपासणींत मोजला जातो.

मुलांत हीं लक्षणें निराळ्या वेषांत येतात. मुलाची उंची बरोबरीच्या मुलांपेक्षां मागें पडते, पूर्वी येत असलेला अभ्यास जड जाऊं लागतो, आणि मूल सुस्त होतें. अशा मुलाला आळशी म्हणून छडी मारण्याआधीं त्याची उंची दर सहा महिन्यांनीं भिंतीवर खूण करून मोजावी, आणि ती थांबल्यासारखी वाटली तर त्याला डॉक्टरांकडे न्यावें. तान्हें बाळ फार झोंपतें, दूध ओढीत नाहीं, त्याचें रडणें घोगरें आहे, कावीळ लवकर उतरत नाहीं, जीभ मोठी दिसते, बेंबी पुढें आलेली आहे, अशीं चिन्हें दिसलीं तर एक दिवसहि वाट पाहूं नये. रडत नाहीं म्हणून गुणी बाळ, असें म्हणून आजीबाई ज्याचें कौतुक करतात तेंच बाळ कधींकधीं या रोगाचें असतें. जन्मानंतर पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालें तर बाळाची बुद्धि बहुधा वांचते. महिने गेले तर तें नुकसान पुढें भरून येत नाहीं. म्हणून जेथें सोय असेल तेथें जन्मानंतर तिसऱ्या ते पांचव्या दिवसांत टाचेच्या रक्ताच्या थेंबावर ही तपासणी करून घ्यावी.

गरोदर बाईची गरज इतरांहून पुष्कळ अधिक, दिवसाला २५० मायक्रोग्रॅम, असते. कारण पहिले कांहीं महिने गर्भाला स्वतःचा रस करतां येत नाहीं व तो आईच्या रसावरच वाढतो. म्हणून दिवस गेल्याचें कळतांच तिनें प्राथमिक आरोग्य केंद्रांत नांव नोंदवावें आणि या तपासणीविषयीं विचारावें.

शेवटीं, मिठाच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. आयोडीनयुक्त मीठ नवीन गलगंड होऊं देत नाहीं, आणि मुलांचा कोंवळा गलगंड तें पुष्कळदां बरा करतें. वीस वर्षांचा जुना, गांठाळलेला गलगंड मात्र तें जिरवीत नाहीं. तसेंच, मीठ व्यवस्थित असूनहि पुष्कळांची ग्रंथि मंद होते. याचें मुख्य कारण असें कीं, शरीराची संरक्षणशक्ति चुकून स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते. अशा माणसाला मीठ वाढवून उपयोग नाहीं. त्याला उणा पडलेला रस लेव्होथायरॉक्सिनच्या गोळीनेंच द्यावा लागतो. ही गोळी सकाळीं उपाशीपोटीं नुसत्या पाण्याबरोबर घ्यावयाची, आणि पुढें निदान अर्धा तास चहासुद्धां घ्यावयाचा नाहीं. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती चार तास अंतर ठेवून घ्यावी, नाहीं तर या गोळीचा गुण कमी होतो. बरें वाटूं लागलें म्हणून गोळी आपल्या मनानें बंद करूं नये. गरोदरपणीं तर मुळींच नाहीं, उलट त्या वेळीं डॉक्टर ती बहुधा वाढवितात. आयोडीनचे थेंब किंवा जखमेवर लावण्याचें आयोडीन कोणीं सांगितलें म्हणून पिऊं नये. जुन्या गलगंडाच्या माणसाला एकदम जास्त आयोडीन मिळालें तर ग्रंथि उलट भरधाव सुटते, छातींत धडधड होते, हात थरथरतात व वजन उतरतें. आणि गळ्याची गांठ झपाट्यानें वाढूं लागली, गिळतांना किंवा श्वास घेतांना अडूं लागलें, अथवा आवाज एकाएकीं बसला, तर ग्रामीण रुग्णालयांत किंवा जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयांत त्वरित जावें.

आमचें सांगणें येथें संपलें. आतां ज्यांनीं आपल्या घरचें मीठ आणलें आहे त्यांनीं तें पुढें आणून ताटलींत ठेवावें. ज्यांनीं आणलें नाहीं त्यांनीं घरीं गेल्यावर बरणीचें झांकण पाहावें, आणि पुड्यावर काय छापलें आहे तें मुलांकडून वाचवून घ्यावें.